पान उलटण्यापूर्वीचा शब्द

बालगीत, परीकथा, नाट्यछटा या प्रकारांत मराठी लेखणीने जी सफाई संपादन केली, तिच्या तुलनेने चित्रपुस्तकाचा मजकूर, म्हणजे ज्यातील निम्माअधिक अर्थ जाणूनबुजून चित्राच्या हवाली केलेला आहे असा मितशब्द मजकूर, लिहिण्याची कला आपल्याकडे अद्याप बाल्यावस्थेतच आहे, असे म्हणावे लागते. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत लेखणी आणि कुंचला एकाच हाती असल्यामुळे शब्द व चित्र यांचा संसार एका मनाने चालतो. 2014 साली साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार देऊन त्यांचा गौरवही केला. परंतु त्यांचे खरे बळ घरगुती संभाषणाच्या जिवंतपणात आहे. अगदी मोजक्या शब्दांत, केवळ पान उलटण्याच्या क्षणावर कथेचा तोल सांभाळणारे पुस्तक हा त्याहून निराळा प्रकार आहे, आणि त्याचे नमुने मराठीत शोधावेच लागतात. बहुधा हाती येते ती एक आटोपशीर गोष्ट, जिचे परिच्छेद पानांच्या हिशेबाने वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक परिच्छेदात जे सांगितले तेच शेजारी रंगवलेले असते.

या प्रकाराचा सर्वमान्य दाखला म्हणजे इंग्रज चित्रकर्ती पॅट हचिन्स हिचे 1968 सालचे 'रोझीज वॉक'. अवघ्या 32 शब्दांचे एकच वाक्य साऱ्या पुस्तकभर पसरले आहे. त्यात एका कोंबडीच्या फेरफटक्याचा सरळसाधा वृत्तान्त आहे, आणि तिच्या मागावर असलेल्या कोल्ह्याचा उल्लेख एका शब्दानेही नाही. कोल्हा झेप घेतो त्या जोडपानावर, तो जिथे पडणार तिथे, दंताळे दिसते. पान उलटले की शब्द नाही, फक्त त्या दंताळ्याचा दांडा कोल्ह्याच्या थोबाडावर आदळलेला. म्हणजे एका जोडपानावर शब्द आणि संकटाची चाहूल, पुढच्यावर मौन आणि परिणाम, असा हा शिरस्ता आहे. मूल आपणहून कोल्ह्याकडे बोट दाखवते, कारण लेखिकेने ते काम त्याच्यासाठी राखून ठेवलेले असते.

आता या कलेचा कागदोपत्री हिशेब पाहू. मधोमध तारेने शिवलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात. 24 पानांचे पुस्तक धरले, तर पहिले पान शीर्षकाचे, दुसरे प्रकाशनाच्या तपशिलाचे. कथा तिसऱ्या, म्हणजे उजव्या पानावर सुरू होते, तिथून 22-23 पर्यंत दहा जोडपाने मिळतात आणि 24वे पान एकटे उरते. म्हणजे लेखकाला पान उलटण्याचे अकरा क्षण मिळाले, आणि ते सारे विषम आकड्याच्या, उजव्या पानाच्या शेवटी येतात. गुपित फुटायचे ते डाव्या पानावर, पान उलटल्यानंतर. तेच जर प्रश्नासमोरच्या उजव्या पानावर रंगवले, तर डोळा चित्राकडे आधी धावतो आणि शब्द मागाहून येऊन निरर्थक ठरतो.

येथे मराठी भाषेची स्वतःची अशी एक अडचण उभी राहते, आणि तिचा विचार आपल्या अनुवादकांनी फारसा केलेला दिसत नाही. अनेक भाषांत एकाच वेळी निघणाऱ्या पुस्तकांत रंगीत चित्रे सर्वांना समाईक असतात. बदलतो तो केवळ काळ्या शाईचा मजकूर. म्हणून वाक्य कुठे तोडायचे हे मूळ भाषेने आधीच मुक्रर केलेले असते. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद अलीकडच्या पानावर ठेवून कर्म पलीकडे ढकलता येते. मराठीत तसे केले की भूतकाळी क्रियापद कर्माचे लिंग घेते आणि चुगली करते. 'तिने दाराआड पाहिली…' एवढे वाचताच दाराआड बोका नाही, उंदीर नाही, हे मुलाला कळून चुकते. 'पाहिला' म्हटले की मांजर बाद होते. लिंगज्ञान पक्के झालेले चार-पाच वर्षांचे मूल हा सुगावा चपळाईने उचलते.

सुदैवाने उपायही भाषेच्याच पोटात आहे. आपल्या आज्यांनी कथा सांगताना शतकानुशतके वापरलेली 'पाहते तर काय' ही लकब क्रियापदाला कर्त्याशी बांधते आणि कर्माला पूर्ण गोपनीय ठेवते. 'तेवढ्यात', 'इतक्यात' ही अव्यये लिंगवचनापासून मुक्त आहेत, 'कोण आलं?' या नपुंसकलिंगी प्रश्नात हत्तीपासून मुंगीपर्यंत कोणालाही मुभा आहे. शिवाय आपले क्रियापद स्वभावतःच वाक्याच्या शेवटी बसत असल्याने 'हळूच, दबकत, कठड्यावरून मनीने…' एवढ्यावर पान संपवले, तर काय घडले हा प्रश्न कोणताही आटापिटा न करता लटकत राहतो.

हे सारे एका उदाहरणात पडताळून पाहावे म्हणून मी आमच्या सीवूड्सचाच प्रसंग घेतला. येथील डीपीएस तळे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. कथावस्तू अशी, की एका मुलीची गुलाबी ओढणी सज्ज्यातून उडते आणि तिच्या शोधात ती तळ्यापर्यंत पोहोचते. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'वाऱ्याने ओढणी उडाली. तिला भिंतीपलीकडे काहीतरी गुलाबी दिसले. पण ती तर बोगनवेल होती.' तीनही वाक्ये चित्रात दिसणारच होती. चित्र झाकूनही गोष्ट संपूर्ण समजत होती, आणि चित्रपुस्तकाच्या मजकुरात शब्द फाजील झाल्याची याहून खात्रीची खूण नाही.

छाटणीनंतर तिसऱ्या पानावर दोरीवरची ओढणी राहिली, मजकुरावाचून. 4-5वर एकच शब्द, 'उडाली!' 6-7वर भिंतीच्या कडेला गुलाबी टोक, आणि उजव्या पानाच्या तळाशी 'तिथे?' पान उलटले की 8-9वर शब्द नाही, बोगनवेल. पुन्हा 'तिथे?', पुढे फुगेवाला, पुन्हा 'तिथे?', पुढे रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर कोणाची तरी उघडलेली छत्री. या ठिकाणी 'ती दिसली!' लिहिण्याचा मोह आवरावा लागला, कारण 'ती' म्हणताच फुगा सरळ बाद होतो. 'तिथे' हे अव्यय मात्र वेल, फुगा, छत्री, पक्षी या सर्वांना सारखेच सामावून घेते. 18-19वर क्षितिजालगत बारीक गुलाबी रेघ आणि चौथा 'तिथे', पण यावेळी प्रश्नचिन्हाऐवजी टिंबे. 20-21वर पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पक्षीच पक्षी, आणि अक्षर एकही नाही. 22-23वर मुलगी ओढणी साफ विसरून पाहत उभी. 24व्या पानावर कांदळवनाच्या फांदीला अडकलेली ओढणी, जी वाचकाला दिसते, मुलीला नाही. एकूण शब्द पाच.

अशा मजकुराची परीक्षा टंकलिखित कागदावर होऊ शकत नाही. सहा कोरे कागद मधोमध दुमडून शिवावेत, 24 पाने होतात. त्यांवर ओबडधोबड आकृत्या काढून ते पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी मुलासमोर मोठ्याने वाचायला द्यावे आणि आपण केवळ हातांकडे पाहावे. वाक्य पुरे होण्याआधीच मूल पान ओढू लागले, तर मजकूर लांबला. पान उलटल्यावर ते मागे जाऊन पुन्हा पाहू लागले, तर बहुधा अलीकडच्या चित्रातील सुगावा फारच अंधुक राहिला, किंवा मग तो इतका नेमका साधला की मुलाला त्याची खातरजमा करावीशी वाटली. या दोहोंतील भेद त्याच्या चेहऱ्यावरून कळतो. तिसऱ्या 'तिथे?'ला मुलाने स्वतःहून उत्तर पुकारले आणि ते चुकले, तर रचना बरोबर बसली. उत्तर बरोबर आले, तर छत्रीच्या जागी दुसरे काहीतरी शोधावे लागेल.

आपल्या संपादकांच्या मेजावर मात्र अजूनही सलग लिहिलेली गोष्टच येते आणि तिची पाने पाडण्याचे काम मांडणीकाराकडे जाते, म्हणजे पान उलटण्याचा निर्णय, जो या प्रकारात लेखनाचाच भाग आहे, तो लेखन संपल्यावर परक्या हाताने घेतला जातो. पाच शब्दांचे बाड आले तर त्याला हस्तलिखित म्हणून दाखल करून घ्यावे की नाही, असाही पेच पडत असेल. त्यावर तजवीज अवघड नाही: लेखकाने पानवार आराखडा द्यावा, प्रत्येक जोडपानासाठी शब्द एका रकान्यात आणि चित्राने काय सांगायचे ते दुसऱ्या रकान्यात लिहावे, आणि जिथे शब्दांचा रकाना कोरा आहे तिथे तो कोरा का आहे, हे चित्रकाराशी बसून ठरवावे.