पाठमोरी यंत्रं

मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं एक छायाचित्र माझ्यासमोर आहे. डावीकडे तांबड्या जांभ्याची कापलेली दरड, मध्ये उखडलेली वाट, उजवीकडे नव्याने घातलेला भराव. डंपर सोडला तर तीन यंत्रं स्पष्ट दिसतात आणि चौथं धुळीत अर्धं बुडालेलं आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात यंत्रं नेहमी आपली सगळ्यांत ओळखीची बाजू दाखवत उभी असतात. इथे मात्र एकही यंत्र तसं उभं नाही. पहिल्याने पाठ केली आहे, दुसरं थेट अंगावर येतंय आणि तिसरं आडवं. म्हणूनच मला हे चित्र आवडतं. प्रत्येकाचं नाव त्याच्या बांध्यातूनच काढावं लागतं.

रंगाचा आधार इथे उपयोगी नाही. आपल्याकडे पिवळं दिसलं की जेसीबी म्हणायची सवय आहे. कंपनीचं नाव यंत्राला चिकटलं, त्यात वाईट काही नाही. ‘पोकलेन’ हा शब्दही असाच पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून आला. पण पिवळा रंग पाच-सहा कंपन्या वापरतात आणि या चित्रातलं सर्वांत मोठं यंत्र नारिंगी आहे.

ते नारिंगी धूड दरडीच्या पायथ्याशी पाठमोरं आहे. आपल्याला दिसतो तो मागचा गोलसर, जाड लोखंडी भाग. हा त्याचा तोलभार. पुढे हात लांबवून मातीने भरलेली बकेट उचलली, की यंत्र तोंडावर कोसळू नये म्हणून मागे एवढं वजन ठेवलेलं असतं. पण निर्णायक खूण त्याखाली आहे. यंत्राच्या चेन, म्हणजे पोलादी पट्टे, रस्त्याला समांतर आहेत आणि वरची केबिन, इंजिन, हात हे सगळं दरडीकडे वळलेलं आहे. धड एका दिशेला, पाय दुसऱ्या दिशेला. असं उभं राहायचं तर धड आणि पाय यांच्यामध्ये पूर्ण फिरणारं दातेरी कडं हवं आणि ते असलं की तो एक्स्कॅव्हेटर, आपल्या साइटवरचा पोकलेन. नुसत्या चेनवर विसंबलो असतो तर फसायची शक्यता होती. बुलडोझरलाही चेन असतात आणि चाकांवरचे एक्स्कॅव्हेटरही असतात. बुलडोझरचं धड मात्र पायांवर गरगर फिरत नाही. त्याच्यापुढे बकेटही नसते, माती ढकलणारं रुंद पातं असतं. (अलीकडे पाडकामाच्या बातम्यांत ‘बुलडोझर’ असा मथळा असतो आणि खालच्या छायाचित्रात बहुतेक वेळा पोकलेन किंवा जेसीबी. संपादकांनी एकदा पातं शोधून पाहावं.)

बकेटचे दात केबिनकडे तोंड करून आहेत, हेही नीट पाहण्यासारखं आहे. हे यंत्र माती स्वतःकडे ओढून खणतं. मग जागचं न हलता धड वळवतं आणि शेजारच्या डंपरमध्ये बकेट रिकामी करतं. इथला डंपर अगदी अंगाशी घेतला आहे, कारण जितकं कमी वळावं लागेल तितक्या खेपा जास्त होतात. ऑपरेटर मुरलेला असावा. एका गोष्टीचं भान त्यालाही सतत ठेवावं लागतं. चेनला फिरवणारं दातेरी चाक एरवी केबिनच्या मागच्या बाजूला असतं. धड अर्धं फिरून ते पुढे आलं, की चालवायचे दांडे उलटे लागू पडतात. पुढे ढकलले तर यंत्र मागे जातं.

मधलं पिवळं यंत्र आपल्याकडे तोंड करून येतंय. समोर यंत्राइतकी रुंद बकेट आणि तिच्यामागे केबिनची काच. खणणारा हात कुठेच दिसत नाही. घाईत पाहणारा याला व्हील लोडर म्हणेल, कारण माती भरण्यापुरत्या त्या यंत्रालाही पुढे अशीच बकेट असते. आता केबिनच्या छपराच्या वर पाहा. एका बाजूला थोडंसं सरकलेलं, वाकलेलं लोखंडी कोपर डोकावतं. तो मागे घडी घातलेला हात. मागच्या चाकांच्या आतल्या अंगाला दोन उभे खांबही दिसतात, ते वर उचललेले जॅक. तिसरी खूण चाकांची आहे. पुढची लहान, मागची मोठी. व्हील लोडरची चारही चाकं सारखी असतात आणि वळताना तो कमरेतून मुडपतो. तेव्हा हा बॅकहो लोडर. ज्याला डोळे झाकून जेसीबी म्हटलं तरी चालतं, तो. चाकांची खूण एकटी मात्र पुरेशी नाही, कारण चारही चाकं सारखी असलेले बॅकहो लोडरही मिळतात. कोपर दिसलं की वाद संपतो.

या यंत्राला दोन तोंडं आहेत आणि त्यांची भूक वेगवेगळी आहे. पुढच्या बकेटमध्ये साधारण एक घनमीटर माती मावते, मागच्या खणत्या बकेटमध्ये तिच्या जेमतेम चौथाई. खणायची वेळ आली की ऑपरेटर खुर्ची फिरवून मागे तोंड करतो आणि जॅक जमिनीत रोवतो. जॅक न रोवता खणलं, तर टायरांवर सगळं अंग हिंदकळतं आणि चर वाकडा जातो. हात मागे बसवलेला असल्यामुळे तो साधारण अर्धवर्तुळात फिरतो, पोकलेनसारखा पूर्ण नाही. वजनही कमी. हे सात-आठ टनांचं, शेजारचा नारिंगी वीस टनांच्या वर्गातला. म्हणूनच दरड त्या नारिंगीकडे आहे आणि हा वाटेवर आहे, गटाराच्या चरासारख्या किरकोळ कामांकडे निघालेला. टायर असल्याने तो डांबरावरून स्वतःच्या चाकांवर गावात जाऊन येतो. पोकलेनला ट्रेलरवर चढवावं लागतं.

उजवीकडचा रोलर ओळखायला सगळ्यांत सोपा वाटतो, पण माझ्या मते या चित्रातला खरा मजकूर तिथे आहे. ‘रोलर’ एवढ्यावर थांबलं तर काहीच हाती लागत नाही. पुढे एकच गुळगुळीत पोलादी ड्रम, मागे दोन जाड नक्षीचे टायर, मध्ये सांधा. हा माती आणि मुरूम दाबणारा कंपन रोलर. डांबराच्या थरावर साधारणतः दोन्हीकडे ड्रम असलेला टँडम येतो. त्याच्या ड्रमवर पाण्याची फवारणी चालू असते, नाहीतर गरम डांबर चिकटून वर येतं. मधल्या फेऱ्यांना पुष्कळदा ओळीने टायर लावलेला, ड्रम नसलेला रोलर असतो. त्याला साइटवर पीटीआर म्हणतात. इथे यांतलं काहीच नाही. म्हणजे ओळखलेल्या यंत्राने आपल्याला रस्त्याचं वयही सांगितलं. डांबर किंवा काँक्रीट अजून दूर आहे, खालचा भरावच चालू आहे. जमिनीवरची ओलसर गडद पट्टी त्याला दुजोरा देते. कोरडी माती दाबून नीट बसत नाही आणि फार ओली झाली तर रोलरखाली गादीसारखी डुलते, म्हणून टँकरने मापात पाणी मारून मगच रोलर फिरवतात.

ड्रमच्या आत एका बाजूला जड असलेला आस वेगाने फिरतो आणि त्यामुळे ड्रम सेकंदाला तीसेक वेळा थरथरतो. छायाचित्रात याचा मागमूस नाही, कारण ही थरथर एक-दोन मिलिमीटरांची असते. रोलर त्या क्षणी कंपन लावून चालला होता की नुसत्या वजनावर, हे चित्र पाहून सांगता येणार नाही.

राहिलं ते रोलरमागचं, धुळीतलं चौथं यंत्र. लांब, बुटकी, पिवळी रेघ एवढंच दिसतं. लांबी पाहता ते ग्रेडर असावं. ग्रेडरचं पातं पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असतं आणि नेमकं पोटच धुळीने झाकलेलं आहे. भराव रोलरखाली घालण्याआधी कुणीतरी तो सारख्या जाडीने पसरलेला असणार आणि ते काम ग्रेडरचं, हे खरं. पण हा कामाच्या क्रमावरून बांधलेला अंदाज झाला. पसरायचं काम डोझरही करतो. पातं दिसेपर्यंत मी त्या रेघेखाली नाव लिहिणार नाही.