सर्व्हरची हजेरी कोणी घ्यावी? : मापन-संकलनाच्या 'पुश' व 'पुल' पद्धतींची चिकित्सा

सर्व्हरची स्थिती दर्शविणारी मोजमापे गोळा करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. 'पुश' पद्धतीत प्रत्येक सर्व्हर आपली मापे मध्यवर्ती यंत्राकडे पाठवितो. ग्राफाइट ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. 'पुल' पद्धतीत मध्यवर्ती यंत्र ठराविक अंतराने प्रत्येक सर्व्हरकडून मापे मागून घेते. साउंडक्लाउड येथे 2012 साली सुरू झालेली प्रोमिथियस प्रणाली हे तिचे परिचित उदाहरण होय.

या दोहोंची तुलना बहुधा कार्यभाराच्या निकषावर केली जाते. लहान समूहासाठी हा निकष गैरलागू आहे. सहा सर्व्हर, प्रत्येकाची सुमारे हजार मापे आणि 15 सेकंदांचे अंतर धरले, तर सेकंदाला केवळ 400 नोंदी होतात. हे काम कोणतेही साधे यंत्र पेलू शकते. खरा निकष वेगळा आहे: एखादा सर्व्हर गप्प झाला, तर ते कोणाच्या लक्षात येते?

पुश पद्धतीत मध्यवर्ती यंत्राला कोण येणार होते हे मुळात ठाऊकच नसते. सहापैकी सर्वाधिक ताण असलेला सर्व्हर बंद पडला, तर सरासरी उरलेल्या पाचांची निघते आणि आलेख उलट सुधारल्यासारखा दिसतो. पुल पद्धतीत यादी मध्यवर्ती यंत्राकडे असते. उत्तर न आल्यास प्रोमिथियस स्वतःच `up` या मापाची किंमत 0 नोंदवितो. येथे अनुपस्थितीचीही नोंद होते. अर्थात जो सर्व्हर यादीत घातलाच नाही, त्याची उणीव याही पद्धतीत भासत नाही.

पुल पद्धतीची दुसरी मर्यादा अल्पजीवी कामांबाबत आहे. रात्री दहा सेकंदांत संपणारा बॅकअप दोन फेऱ्यांच्या मधे निसटतो. यावर पुशगेटवे सुचविला जातो. परंतु तो शेवटची किंमत तशीच जपून ठेवतो, त्यामुळे बॅकअप थांबल्यानंतरही 'यशस्वी' हीच खूण दिसत राहते. म्हणून यशाची खूण न ठेवता यशाची वेळ नोंदवावी. ती त्याच सर्व्हरवरील फाइलीत लिहिल्यास `node_exporter` ती वाचून इतर मापांसोबत देतो आणि पुशगेटवेची गरज उरत नाही. मग इशाऱ्याचे दोन नियम पुरेसे ठरतात:

```
up == 0
time() - backup_last_success_timestamp_seconds > 93600
```

93600 सेकंद म्हणजे 26 तास. रोजच्या बॅकअपला दोन तासांची सवलत त्यात धरली आहे. सर्व्हरच बंद पडल्यास दुसरा नियम गप्प राहतो, तेव्हा पहिला बोलतो.

सर्व्हर एकाच जाळ्यात असतील, तर पुल पद्धतीच श्रेयस्कर ठरते. मध्यवर्ती यंत्राला बाहेरून पोहोचता येत नाही अशा सर्व्हरसाठी मात्र पुश अपरिहार्य आहे. तेथे अपेक्षित नावांची यादी इशाऱ्याच्या नियमांत, `absent()` वापरून, स्वतंत्रपणे लिहावी लागते. पद्धत कोणतीही असो, हजेरीपट कोठेतरी असावाच लागतो. पुल पद्धतीत तो आपोआप असतो. पुशमध्ये तो आठवणीने ठेवावा लागतो.