एका परिच्छेदाची दोन यांत्रिक भाषांतरे

मिरजगावच्या (ता. कर्जत) रब्बी ज्वारीविषयीचा एक छोटा इंग्रजी परिच्छेद दोन भाषांतरयंत्रांना दिला असता जी मराठी रूपे हाती आली, त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले रूप असे: ‘शेतकरी, जे परतीच्या पावसावर अवलंबून आहेत, त्यांच्याद्वारे ज्वारी पेरली जाते. वाळलेले देठ जनावरांना दिले जातात. फार थोडे शेतकरी ते विकतात.’ दुसरे असे: ‘येथील शेतकरी परतीच्या पावसाच्या भरवशावर ज्वारी पेरतात. कडबा जनावरांना घालतात. काही शेतकरी तो विकतात.’

पहिल्यात इंग्रजीची घडण उघडी पडते. नामामागून येणारे ‘जे’चे उपवाक्य मराठीत अडखळते; ‘जे अवलंबून आहेत ते शेतकरी’ असा क्रम तरी हवा होता. ‘द्वारे’ने साधलेला कर्मणी प्रयोगही येथे निष्कारण आहे. दुसऱ्याने कर्तरी प्रयोग योजला आणि ‘देठ’ टाकून ‘कडबा’ हा कुणब्याच्या तोंडचा शब्द घेतला. स्वाभाविकतेच्या कसोटीवर दुसरेच सरस, यात शंका नाही.

तथापि शेवटचे वाक्य पाहावे. मुळाचा रोख नकारार्थी आहे: कडबा विकणारा विरळा. ‘काही’ या शब्दाने तो रोख उलटला, आणि वैरणीची टंचाई असलेल्या गावी विक्रीचा कडबा असल्याचा समज झाला. पहिल्याचा दोष कानाला तत्काळ खुपतो. दुसऱ्याचा, भाषा ओघवती असल्यामुळेच, मुळाशी ताडल्यावाचून ध्यानात येत नाही. म्हणून स्वाभाविकतेचा निर्णय मराठी वाचून द्यावा, यथार्थतेचा मात्र मूळ समोर ठेवूनच.