इस्लाह की फेरमांडणी?

उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची एक जुनी रीत आहे. शागीर्द गझल लिहितो, उस्तादापुढे ठेवतो, आणि उस्ताद एखादा शब्द बदलून, एखादी मात्रा सावरून ती परत करतो. आमच्या घरांतून लिहिणाऱ्या माणसाच्या मनात 'मजकूर तपासणे' म्हणजे हेच असते. गझलेच्या बाबतीत ते पुरेसेही ठरते, कारण तिथे प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. दुसरा शेर चौथ्या जागी नेला तरी गझल मोडत नाही. पण कादंबरी किंवा आत्मकथन शेरांनी बनलेले नसते. तिथे दहाव्या पानावर पेरलेले नव्वदाव्या पानावर उगवावे लागते, आणि ते उगवले नाही तर इस्लाह कितीही बारकाईने केली तरी उपयोग होत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे स्वखर्चाने पुस्तक काढू पाहणारे लोक आमच्याकडे हस्तलिखित घेऊन येतात. मागणी एकच असते : जरा शुद्धलेखन पाहून द्या. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांची कादंबरी आम्ही अशीच दोन महिने ओळ न् ओळ तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, वाक्ये लहान केली. पुस्तक छापून आले आणि ज्याने त्याने पहिली चाळीस पाने वाचून बाजूला ठेवले. त्याच्या तीनशेपैकी बहुतेक प्रती आजही त्यांच्या पलंगाखाली आहेत. चूक त्यांची नव्हती, आमची होती. पुस्तकाची मांडणी फसली आहे हे आम्हाला दिसलेच नाही, कारण आम्ही वाक्यांकडे पाहत होतो.

गेल्या वर्षी दोन हस्तलिखिते एकाच महिन्यात आली. पहिले कोकणातल्या एका निवृत्त एसटी कंडक्टर चाचांचे होते. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते, त्यांच्यावरचे हे पुस्तक. अक्षर सुवाच्य, भाषा नितळ. एका मराठी शिक्षक मित्राने आधीच तपासलेले. छापील 208 पाने होतील, म्हणजे सोळा पानी 13 फॉर्म, असा छापखान्याचा हिशेबही सोबत जोडलेला होता. ग्रॅच्युइटीच्या पैशातून रक्कम बाजूला काढून ठेवली होती.

दुसरे सोलापूरच्या एका आपांचे. वयाच्या अकराव्या वर्षापासून विड्या वळणाऱ्या आपांनी शाळेच्या दोन वह्यांत आपली हकिगत लिहिली होती. पहिल्याच पानावर 'शाला', 'डोला', 'पानी'. 'घर बांधले' ऐवजी 'घर बांधला', कारण उर्दूत नपुंसकलिंगच नाही. 'आम्ही' हवे तिथे सर्रास 'आपण', कारण आपल्या घरच्या 'हम'मध्ये ऐकणारा धरला की वगळला हे कळत नाही. मराठीत मात्र 'आपण संपावर गेलो' आणि 'आम्ही संपावर गेलो' यांत वाचकाला बरोबर घेणे किंवा बाहेर ठेवणे आहे. ही चूक लिंगाच्या चुकीपेक्षा मोठी, तरी ती ओळीतच सुधारणारी.

वरवर पाहता निकाल ठरलेलाच होता. चाचांचे पुस्तक तयार, आपांचे पुन्हा लिहायला हवे. आम्हीही पहिल्या रात्री तसेच समजलो. मग जुनी चूक आठवली आणि पेन बाजूला ठेवून दोन्ही हस्तलिखितांची एकेक यादी केली.

ही यादी कशी करायची ते सांगतो. प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहायची आणि तीत तीन गोष्टी : काय घडते, ते कोण सांगतो व त्याला ते कसे ठाऊक, आणि प्रकरण संपताना काय बदललेले असते. शेवटी पानांची संख्या. लेखकाच्या मनात काय आहे ते लिहायचे नाही, कागदावर जे आहे तेवढेच लिहायचे.

चाचांच्या 22 प्रकरणांची यादी अशी निघाली. पहिल्या 7 प्रकरणांत गाव, खानदान, वाडी, आंब्याची कलमे : 64 पाने. आठव्यात वडील बोटीवर चढतात आणि पंधराव्यापर्यंत बंदरे येत राहतात : 70 पाने. सोळाव्यात वडील 1962 साली घरी परततात आणि पुन्हा कधी समुद्राचे नाव काढत नाहीत : 8 पाने. उरलेल्या 66 पानांत चाचांची स्वतःची नोकरी, घर आणि मुलींची लग्ने.

वडील गप्प का झाले? त्याचे उत्तर एकोणिसाव्या प्रकरणात, बदलीच्या हकिगतीत, जाता जाता आलेले. आईने एका रात्री सांगितलेली तीन पाने. एका सहखलाशाला वडिलांनी आपल्या जागी पाळीवर पाठवले, तो परतला नाही, आणि त्याच्या घरी निरोप घेऊन वडिलांनाच जावे लागले. 208 पानांच्या पुस्तकाचा जीव त्या तीन पानांत होता आणि लेखकाला त्याचा पत्ता नव्हता.

मग आम्ही बंदरांची प्रकरणे उलटसुलट केली. एडनच्या जागी मोंबासा ठेवले, मोंबासाच्या जागी एडन. एक वाक्य सोडले तर कुठे काही अडले नाही. ज्या प्रकरणांची जागा बदलूनही पुढच्या पानाला काहीच जाणवत नाही, ती एकमेकांना बांधलेली नसतात. नुसती शेजारी बसलेली असतात. शिवाय 'कोण सांगतो' हा रकाना तिथे रिकामाच राहिला. चाचा तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी बोटीच्या डेकवर उभे राहिल्यासारखे सांगतात. पत्रे नाहीत, डायरी नाही. वाचकाच्या मनातली ही शंका कोणत्याही शब्दबदलाने जात नाही.

तिसरी कसोटी वेळखाऊ आहे, पण आम्ही ती टाळत नाही. ज्या पानांवर कंटाळा आला त्यांतली दोन पाने घ्यायची आणि हात राखून न ठेवता सुधारायची. मग आठ दिवसांनी वाचायची. चाचांचे पाचवे प्रकरण आम्ही असे घासून पुसून लख्ख केले. आठ दिवसांनी पुन्हा तिथेच कंटाळा आला. वाक्ये चांगली होती. पण ती वाचताना आपण कशाची वाट पाहत आहोत हेच ठरलेले नव्हते. सोळावे प्रकरण मात्र याच कसोटीवर उजळून निघाले. तिथला दोष खरोखरच ओळींचा होता, 'त्या वेळी' हा शब्दच आठ पानांत वीस-बावीस वेळा आलेला. एकाच हस्तलिखितात दोन्ही प्रकारचे दुखणे असू शकते.

आता आपांच्या वह्या. त्यात काळ सारखा पुढेमागे उडत होता : लग्नातून बालपणात, तिथून संपात. हा मांडणीचाच दोष असे आम्हाला खात्रीने वाटले होते. यादी केल्यावर दिसले की प्रत्येक उडी कशावर तरी पाय देऊन मारलेली आहे. तिसऱ्या भागात कारखान्याचा माणूस लहानग्या आपांच्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकतो. मजुरी कापली जाते आणि त्या विड्याही परत मिळत नाहीत. सातव्या भागात मुलगी पाहायला आलेले लोक आपांच्या थोरल्या लेकीला नाकारतात आणि आपा एकच शब्द लिहितात, 'छाट'. तिसरा भाग काढून पाहिला तर सातवा कळेनासा झाला. हे पुस्तक बांधलेले होते. कमी होती ती उडीच्या आरंभी काळ सांगणाऱ्या शब्दांची. सहा ठिकाणी 'लग्नाच्या आदल्या वर्षी' असे काही घातले आणि गोंधळ संपला. लिंग, ळ, ण आणि 'आम्ही' आम्ही सुधारले. संवादातल्या 'नक्को' आणि 'हौ' यांना हात लावला नाही. ती चूक नव्हे, बोलणाऱ्याचा आवाज आहे. 'छाट' शब्दाचा अर्थही तळटीपेत दिला नाही, तिसरा भाग तो अर्थ सांगतोच.

हार्पर ली यांचे उदाहरण इथे आठवते. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' 1960 साली आले. त्याआधी त्यांनी प्रकाशकाला दिलेले हस्तलिखित वेगळे होते; ते 'गो सेट अ वॉचमन' या नावाने 2015 साली छापले गेले. त्यात सव्वीस वर्षांची तरुणी गावी परतते. संपादिका टे होहॉफ यांच्या हाताखाली ते पुस्तक अनेकदा नव्याने लिहिले गेले आणि बालपण मध्यभागी आले. जुन्या हस्तलिखितात ओझरता येणारा खटला नव्या पुस्तकाचा कणा झाला, त्याचा निकालसुद्धा उलटला. गंमत अशी, की गावाच्या वर्णनाचे काही परिच्छेद दोन्ही पुस्तकांत जवळजवळ तसेच आहेत. म्हणजे वाक्ये पहिल्यापासून चांगलीच होती. वाक्ये तपासून हे पुस्तक कधीच हाती लागले नसते.

निर्णय डीटीपीच्या आधी व्हावा, हे तर व्यवहाराचेच आहे. पाने जुळवून झाल्यावर शब्द बदलता येतो, प्रकरण हलवणे परवडत नाही. पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. सुधारून सुंदर केलेले पान टाकून द्यायला लेखकाचे मन होत नाही. आपण आधी ओळी घासल्या की नको असलेली भिंतही रंगवून ठेवतो, आणि मग ती पाडायला कोणी तयार होत नाही.

चाचांना हे सांगणे सोपे नव्हते. आम्ही यादीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"मास्तर, मी शुद्धलेखन पाहायला दिले होते."

"शुद्धलेखनाची चूक एकही नाही, चाचा."

"मग?"

आम्ही एकोणिसाव्या प्रकरणातली तीन पाने वेगळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अम्मी अजून आहे," ते म्हणाले. "तिला विचारावे लागेल."

"तिची परवानगी असेल तरच."

"आणि ही सत्तर पाने? एडन, मोंबासा?"

"ती तुम्ही पाहिलेली नाहीत. अम्मींनी जेवढे सांगितले तेवढेच ठेवा, आणि त्यांनी सांगितले म्हणूनच ठेवा."

चाचा रागावूनच गेले. छापखान्याला दिलेला आगाऊ पैसा परत मिळणार नव्हता, हेही होतेच.

आपांचे पुस्तक 96 पानांचे झाले, 6 फॉर्म. चाचा आठ महिन्यांनी आले. खानदानाची सात प्रकरणे गेली होती, बंदरांचे एकच प्रकरण उरले होते आणि तेही अम्मींच्या तोंडून, त्यांना बंदरांची नावे नीट आठवत नाहीत तशीच. पुस्तक आता वडील परततात त्या संध्याकाळपासून सुरू होते. या वेळी शिक्षक मित्राने तपासलेले नाही. पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. त्या आम्ही अजून सुधारलेल्या नाहीत. सहखलाशाच्या घरी गेल्याचे प्रकरण चाचांनी लिहायचे बाकी आहे.