शाई, टोनर आणि दोनशे प्रती

ओव्यांच्या 32 पानी पुस्तिकेतले एकच पान ऑफसेटवर आणि डिजिटलवर छापून घ्यावे आणि दोन्ही उजेडात तिरके धरावे. ऑफसेटची शाई मॅपलिथो कागदात मुरते, त्यामुळे अक्षर शांत, गाढ काळे दिसते. टोनर उष्णतेने वितळून कागदावर बसतो, म्हणून त्या काळ्यावर हलकी चकाकी असते. भिंगाखाली फरक आणखी उघडतो. ऑफसेटमध्ये रफाराची कमान आणि वेलांटीचे टोक सलग उतरते. टोनरच्या अक्षराभोवती मात्र सुटे कण विखुरलेले दिसतात. मोठ्या टाइपातली ओवी वाचताना डोळ्यांना ते जाणवत नाहीत. खरी परीक्षा होते ती जात्यावर बसलेल्या आजीच्या कृष्णधवल छायाचित्रात. ऑफसेटमध्ये गालावरची सावली हळूहळू गडद होत जाते, डिजिटलमध्ये तिथे कधी कधी पट्टे उमटतात. देखणेपणात माझे मत ऑफसेटलाच.

पण प्रती हव्यात 200. डेमी आकाराची 16 पाने 18 बाय 23 इंची तावावर बसतात, म्हणजे प्रतीला दोन ताव, एकूण 400. तेवढ्यासाठी आतल्या काळ्या छपाईच्या चार प्लेट आणि चाररंगी मुखपृष्ठाच्या आणखी चार. शाई आणि पाण्याचा तोल जमेपर्यंत बरेच ताव वाया जातात. शिवाय छपाईचा दर बहुधा हजारी असतो, त्यामुळे 200 छापले तरी पैसे हजाराचे. डिजिटलला प्लेट नाही. 12 बाय 18 च्या तावावर एका बाजूला चार पाने येतात, तेव्हा आतल्या मजकुराच्या सगळ्या मिळून 1600 बाजू होतात आणि प्रत्येक बाजूचे पैसे मोजावे लागतात. मुखपृष्ठाचा निकाल लगेच लागतो, कारण एका तावावर दोन बसतात आणि 100 तावांसाठी चार प्लेट करण्यात अर्थ नाही. आतल्या पानांचे दर मात्र दोन्हीकडून घ्यावेत. तिथले अंतर वाटते तेवढे मोठे नसते.

वेळेत डिजिटल सरळ पुढे आहे. ऑफसेटचे ताव वाळायच्या आत घडी घातली, तर समोरच्या पानावर शाईचे डाग उमटतात. डिजिटलचे ताव लगेच घडीला आणि पिनिंगला जातात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याच कागदावर, पिना मारलेली एक पूर्ण प्रत आधी हातात घेता येते. 200 प्रतींसाठी मी डिजिटल निवडेन ते मुख्यतः या एका प्रतीसाठी.

ती आली की मुखपृष्ठ दुमडून कणा पाहावा. जाड कागदावर टोनर घडीत तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. कागदाचे तंतू घडीला आडवे असतील तर ती हमखास उमटते. अशा वेळी तंतू 18 इंची बाजूने असलेला कागद मागावा, मॅट लॅमिनेशन करून क्रीझिंग करायला सांगावे आणि दुसरी प्रत पाहिल्याशिवाय बाकीच्या छापायला होकार देऊ नये.