कलम ५३-अ आणि कलम ५२: ताबा घेतलेल्या खरेदीदाराच्या हातात नेमके काय उरते?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ शिकताना अंशतः पालनाचा सिद्धांत (कलम ५३-अ) आणि प्रलंबित वादाचा सिद्धांत (कलम ५२) हे बहुधा वेगवेगळ्या दिवशी शिकवले जातात आणि परीक्षेत दोन्हींवर 'खरेदीदाराला मिळणारे संरक्षण' असे एकच उत्तर लिहिले जाते. या टिपणात त्या उत्तराची तपासणी करायची आहे. दोन्ही कलमे एकाच व्यवहारावर लावून पाहिली की त्यातली चूक दिसते, म्हणून आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

नाशिकमध्ये एक भूखंड आहे. १० मार्च २०२१ रोजी मालकाने तो चाळीस लाख रुपयांना विकण्याचे साठेखत करून दिले. पंचवीस लाख घेतले, ताबा दिला आणि उरलेले पंधरा लाख खरेदीखताच्या वेळी द्यायचे ठरले. साठेखत पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर झाले. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले नाही. खरेदीदाराने कुंपण घातले, दोन खोल्या बांधल्या, राहायला आला. पुढे जमिनीचे भाव वाढले आणि मालक खरेदीखताला टाळाटाळ करू लागला. ३ जुलै २०२३ रोजी खरेदीदाराने कराराच्या विशिष्ट पूर्ततेचा दावा दाखल केला. लगेच १० जुलैला मालकाने तोच भूखंड नोंदणीकृत खरेदीखताने दुसऱ्याला विकला. आता हा दुसरा खरेदीदार म्हणतो, 'मालक मी आहे, जागा खाली करा.'

पहिला खरेदीदार स्वाभाविकपणे कलम ५३-अ कडे धाव घेईल. हे कलम मूळ कायद्यात नव्हते. १९२९ च्या दुरुस्तीने ते आले. लेखी आणि सही केलेला करार असेल, त्याच्या अटी पुरेशा स्पष्ट असतील, करारानुसार खरेदीदाराने ताबा घेतला असेल (किंवा आधीपासून ताबा असल्यास तो चालू ठेवून कराराला पुढे नेणारे काही कृत्य केले असेल) आणि आपल्या वाट्याचे पालन त्याने केले असेल किंवा करायला तो तयार असेल, तर मालकाला व मालकामार्फत हक्क सांगणाऱ्याला त्याच्याविरुद्ध, करारात स्पष्ट राखून ठेवलेल्या हक्काखेरीज, कोणताही हक्क बजावता येत नाही. कलमाचे शब्द नीट वाचा. खरेदीदाराला मालकी मिळते असे त्यात कुठेही नाही. समोरच्याला अडवले जाते, एवढेच. म्हणूनच न्यायालये या कलमाला ढाल म्हणतात, तलवार नव्हे. दिल्ली मोटर कंपनी विरुद्ध बसरूरकर (१९६८) या खटल्यात नोंदणी नसलेल्या भाडेपट्ट्याच्या जोरावर वादी म्हणून हक्क मागायला गेलेल्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने याच कारणासाठी परत पाठवले.

आपल्या उदाहरणात मात्र ही ढालही हाती लागत नाही. २००१ च्या ४८ व्या अधिनियमाने २४ सप्टेंबर २००१ पासून कलम ५३-अ मधील 'करार नोंदणीस पात्र असूनही नोंदलेला नसला तरी' अशा आशयाचे शब्द काढून टाकले आणि नोंदणी अधिनियमात कलम १७(१-अ) घातले. त्या तारखेनंतरचा करार नोंदलेला नसेल, तर कलम ५३-अ पुरता तो निष्प्रभ. अनेक गाइडमध्ये आजही '५३-अ साठी नोंदणीची गरज नाही' हे वाक्य सापडते. ते जुन्या करारांपुरतेच खरे आहे.

माझी टीका या दुरुस्तीवर आहे. १९२९ मध्ये हे कलम आले तेच मुळी कागदपत्रात कच्च्या राहिलेल्या, पण पैसे देऊन जागेवर बसलेल्या माणसासाठी. जो साठेखत रीतसर नोंदवतो त्याला सल्लागारही असतो आणि पैसाही. त्याला या कलमाची निकड तुलनेने कमी. महाराष्ट्रात तर ताबा देणाऱ्या साठेखतावर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकेच लागते, म्हणूनच लोक नोंदणी पुढे ढकलतात. मागच्या तारखेचे खोटे करार रोखणे आणि महसूल वाढवणे ही दुरुस्तीमागची कारणे समजण्यासारखी आहेत. पण त्यांची किंमत ज्याच्यासाठी कलम होते त्यानेच मोजली.

समजा, साठेखत नोंदलेले असते. तरीही ढालीची मजल मर्यादितच आहे. रामभाऊ गजरे विरुद्ध नारायण धोत्रा (२००४) मध्ये मालकाने ज्याच्याशी करार केला त्याने पुढे तिसऱ्याशी करार करून ताबा दिला. मूळ मालकाने दावा लावला तेव्हा त्या तिसऱ्याला ५३-अ चा आधार मिळाला नाही, कारण मालकाशी त्याचा करारच नव्हता. उलट श्रीमंत शामराव सूर्यवंशी विरुद्ध प्रल्हाद सूर्यवंशी (२००२) मध्ये न्यायालयाने म्हटले की विशिष्ट पूर्ततेच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत संपली तरी ताबा राखण्यासाठी ५३-अ चा बचाव घेता येतो. खरेदीदाराला हा निकाल गोड वाटतो. पण परिणाम पाहा: मालकाकडे मालकी आहे पण ताबा परत घेता येत नाही, आणि खरेदीदाराकडे ताबा आहे पण मालकी मागता येत नाही. विरोधी ताब्याचा मार्गही सहज खुला होत नाही, कारण मोहनलाल विरुद्ध मिर्झा अब्दुल गफार (१९९६) नुसार करारान्वये मिळालेला ताबा मुळात मालकाच्या परवानगीचा असतो. जमीन अशी अधांतरी राहते, कर्ज मिळत नाही, पुढे विकता येत नाही. शिवाय खरेदीदाराला आपली तयारी कायम दाखवावी लागते. उरलेले पंधरा लाख द्यायला तो तयार नव्हता असे सिद्ध झाले की ढाल गळून पडते.

आता कलम ५२. इथे प्रश्नच वेगळा आहे. स्थावर मालमत्तेवरील हक्क ज्या दाव्यात थेट आणि विशिष्टपणे वादग्रस्त आहे असा, संगनमताने न लावलेला दावा चालू असताना, कोणत्याही पक्षकाराला न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती मालमत्ता अशी हस्तांतरित करता येत नाही की हुकूमनाम्याने दुसऱ्या पक्षकाराला मिळणाऱ्या हक्काला बाधा येईल. वादपत्र दाखल झाल्या दिवसापासून हे बंधन सुरू होते आणि हुकूमनाम्याची पूर्ण बजावणी होईपर्यंत, किंवा मुदतीमुळे ती अशक्य होईपर्यंत, टिकते. अपिलाचा काळही त्यात आला. मूळ कायद्यात 'सक्रियपणे चालवलेला, लढवला जाणारा दावा' अशी भाषा होती. १९२९ च्याच दुरुस्तीने ती बदलली.

हे कलम खरेदीदाराचे रक्षण करत नाही, ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे रक्षण करते. बेलामी विरुद्ध सॅबिन (१८५७) या इंग्लिश निकालात याचा पाया सांगितला आहे: दाव्यादरम्यानच्या हस्तांतरणांना मोकळीक दिली तर वादीला दर वेळी नव्या माणसावर नवा दावा लावावा लागेल आणि कोणताच दावा संपणार नाही. पाया हा आहे म्हणून दुसऱ्या खरेदीदाराला दाव्याची माहिती होती की नव्हती, हे विचारलेच जात नाही. कलम ५३-अ च्या परंतुकात मोबदला देऊन, कराराची वा अंशतः पालनाची सूचना नसताना घेणारा सुटतो. कलम ५२ मध्ये तशी सूट नाही. परीक्षेत दोन कलमांतला एकच फरक लिहायची वेळ आली तर हा लिहा.

आपल्या उदाहरणातला भूखंड नाशिकऐवजी इंदूरला असता तर इथे उत्तर सोपे होते. दावा ३ जुलैचा, विक्री १० जुलैची. दुसऱ्याचे खरेदीखत रद्दबातल होत नाही, पण हुकूमनाम्यापुढे ते दुय्यम ठरते. गुरुस्वामी नाडार विरुद्ध लक्ष्मी अम्मल (२००८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाव्यानंतरच्या खरेदीदाराचा सद्भावनेचा युक्तिवाद अशाच परिस्थितीत नाकारला. बजावणीच्या वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम १०२ मुळे त्याला अडथळाही आणता येत नाही. आणि आपले साठेखत नोंदलेले नसले तरी हा दावा चालतो, कारण नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ चे परंतुक असा दस्त विशिष्ट पूर्ततेच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून स्वीकारू देते. अमीर मिन्हाज (२०१८) या निकालाने ताबा देणाऱ्या साठेखताबाबतही हे स्पष्ट केले आहे.

नाशिकला मात्र १९३९ ची मुंबई दुरुस्ती आडवी येते. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये कलम ५२ चे बंधन लागण्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. तिच्यात मालकाचे नाव-पत्ता, मालमत्तेचे वर्णन, न्यायालय, दाव्याचे स्वरूप आणि दाखल केल्याची तारीख लिहायची. ही नोटीस नोंदल्यानंतर झालेली विक्रीच बंधनाखाली येते. आपल्या खरेदीदाराने ३ ते १० जुलैदरम्यान नोटीस नोंदवली नसेल, तर कलम ५२ त्याच्या कामाचे नाही.

टी. जी. अशोक कुमार विरुद्ध गोविंदम्मल (२०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीची वाखाणणी केली आणि देशभर तशी तरतूद करण्याचा विचार व्हावा असे सुचवले. अनोळखी खरेदीदाराच्या बाजूने पाहिले तर सूचना रास्त आहे. शोध घेणारा माणूस निबंधकाच्या कार्यालयात जातो; देशातल्या सगळ्या न्यायालयांतली वादपत्रे तो चाळू शकत नाही. पण भार कोणावर पडला तेही पाहा. दावा लावूनही एका वेगळ्या कार्यालयात नोटीस नोंदवायची असते हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो वादी यात हरतो. वादपत्र स्वीकारतानाच न्यायालयाच्या कचेरीतून ही नोटीस निबंधकाकडे गेली, तर दोघांचीही सोय होईल. ते काम वादीवर सोपवण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

तरीही नाशिकचा खरेदीदार पूर्ण हरलेला नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १९(ब) नुसार नंतरच्या खरेदीदाराविरुद्धही करार बजावता येतो, तो मोबदला दिलेला, सद्भावी आणि मूळ कराराची सूचना नसलेला असेल तरच सुटतो. आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. इथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ चे दुसरे स्पष्टीकरण उघडून वाचा: जो माणूस प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याच्या हक्काची सूचना खरेदी करणाऱ्याला होती असे कायदा धरतो. भूखंडावर कुंपण आहे, दोन खोल्या आहेत, आत माणूस राहतो. 'तुम्ही इथे कसे?' एवढे न विचारता खरेदीखत करणाऱ्याला सूचना नव्हती असे म्हणता येणार नाही. जो ताबा नोंदणीअभावी ५३-अ ची ढाल होऊ शकला नाही, तोच इथे सूचना म्हणून कामी येतो. दुसऱ्या खरेदीदाराला दाव्यात पक्षकार करून घ्यावे लागेल, आणि हुकूमनामा झाला तर लाला दुर्गा प्रसाद (१९५४) च्या निकालातल्या रीतीने मालक करार पुरा करील आणि दुसरा खरेदीदार खरेदीखतात सामील होऊन आपली मालकी सोडून देईल.

सगळे एका गोष्टीवर टेकलेले आहे: दावा जागेसाठीच असला पाहिजे. पहिल्या खरेदीदाराने चिडून फक्त 'माझे पंचवीस लाख परत द्या' असा साधा पैशाचा दावा लावला असता, तर भूखंडावरचा हक्क त्यात थेट वादग्रस्तच झाला नसता. मग इंदूर असो की नाशिक, कलम ५२ च्या पहिल्या अटीवरच तो अडकला असता.