‘ऊन’चा मालक कोण? : विद्यार्थ्यांच्या निबंधांतील लटकती विशेषणे

निबंधाची वही तपासून झाली की लाल शाई कुठे पडलेली असते? ऱ्हस्व-दीर्घावर. आणि एखाद्या वाक्याखाली नुसती रेघ, बाजूला शेरा ‘वाक्यरचना चुकली’. काय चुकली, ते मात्र लिहिलेलं नसतं. माझी तक्रार या शेऱ्याबद्दल आहे. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या शाळांत वर्षानुवर्षे दिला जाणारा एक विषय घेऊ, ‘संत जनाबाई’. खालची वाक्यं मीच रचली आहेत, पण वळण वह्यांमधलंच आहे.

‘लहानपणीच गंगाखेड सोडून जनाबाईंचे आयुष्य पंढरपुरात गेले. नामदेवांच्या घरी राहून विठ्ठल त्यांचा सखा झाला. दळण दळून त्यांनी अभंग रचले.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरी तीनही वाक्यं दुरुस्तीला आली आहेत.

मराठीत ‘ऊन’ लागलेलं रूप, म्हणजे सोडून, राहून, दळून, आपला कर्ता सोबत आणत नाही. तो पुढच्या मुख्य क्रियापदाकडून उसना घेतो. म्हणून प्रत्येक ‘ऊन’ला विचारायचं, ‘कोणी?’ आणि उत्तर मुख्य क्रियापदापाशी शोधायचं. पहिल्या वाक्यात गंगाखेड कोणी सोडलं? क्रियापदापाशी उभं आहे ‘आयुष्य’. जनाबाई आहेत, पण ‘जनाबाईंचे’ होऊन बाजूला बसल्यात. वाचक समजून घेतो, म्हणून ही चूक सौम्य.

दुसरं वाक्य बघा. नामदेवांच्या घरी कोण राहिलं? वाक्य म्हणतं, विठ्ठल! गंमत अशी, की कथेत विठ्ठल जनाबाईंबरोबर दळायला बसतोच, त्यामुळे वाचक अडखळतही नाही. चुकीचा अर्थ सरळ आत शिरतो. मला ही चूक पहिलीपेक्षा गंभीर वाटते, कारण ती हसू आणत नाही.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. एक, खरा कर्ता मुख्य क्रियापदाला द्यायचा: ‘लहानपणीच गंगाखेड सोडून जनाबाई पंढरपूरला आल्या.’ दुसरा, ‘ऊन’ काढून जोडवाक्य करायचं: ‘जनाबाई नामदेवांच्या घरी राहत होत्या, तिथे विठ्ठल त्यांचा सखा झाला.’

तिसऱ्या वाक्यात कर्ता बरोबर आहे. दळणाऱ्याही त्याच, रचणाऱ्याही त्याच. मग काय बिघडलं? ‘ऊन’ म्हणजे आधीची क्रिया आटोपली. पीठ झालं, जातं थांबलं, मग अभंग, असा अर्थ झाला. लिहिणाऱ्याला म्हणायचंय, ‘दळता दळता त्यांनी अभंग रचले.’ कर्ता जुळला म्हणून वाक्य सोडून द्यायचं नाही, वेळही जुळवून बघायची.

आता शिक्षकांसाठी एक इशारा. हा नियम काठीसारखा चालवला तर चांगली वाक्यंही कापली जातील. ‘पत्र वाचून मला आनंद झाला’ यात व्याकरणातला कर्ता ‘आनंद’ आहे, पण अनुभव घेणारा ‘मला’मध्ये आहे आणि वाचणाराही तोच. वाक्य बिनचूक. ‘भिंत पडून दोघे जखमी झाले’ यात ‘पडून’ने आपला कर्ता उघडपणे सोबत आणलाय आणि ते कारण सांगतंय. तेही चालतं. ‘रविवार सोडून’ यात तर कोणी काहीच सोडत नाही. ते ‘खेरीज’सारखं झालंय. बिघाड होतो तो कर्ता लपलेला असताना आणि क्रियापदापाशी भलताच उभा असताना.

‘ताना’चा घोळ थोडा वेगळा. ‘मी बाबांना शेतात जाताना पाहिले.’ कोण जात होतं? दोन्ही अर्थ निघतात. ‘मी शेतात जात होतो, तेव्हा बाबा दिसले’ असं मोकळं करून लिहिलं की प्रश्न मिटतो.

राहिलं चुकलेल्या जागेचं विशेषण. दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध गाईचे तूप’ असतं, निबंधात ‘सुंदर जनाबाईंचे मंदिर’. उपाय सोपा: विशेषण नामाला चिकटवा, ‘जनाबाईंचे सुंदर मंदिर’. पण मुलं ‘मोठे जनाबाईंचे मंदिर’ लिहितात तेव्हा अर्थ फारसा घसरत नाही. का? ‘मोठे’ मंदिराशी जुळतं. जनाबाईंचं असतं तर ‘मोठ्या’ झालं असतं. ‘जुना दगडाचा वाडा’ आणि ‘जुन्या दगडाचा वाडा’ असंच. पहिल्यात वाडा जुना, दुसऱ्यात दगड. आकारान्त विशेषण रूप बदलून मालक दाखवतं. शुद्ध, सुंदर, प्रसिद्ध ही बदलत नाहीत, त्यांना फक्त जागेचा आधार. म्हणून वही हातात घेतली की आधी ही न बदलणारी विशेषणं हुडका. ‘प्रसिद्ध संतांचे गाव’ असं दिसलं, तर रेघ मारायच्या आधी त्या पोराला विचारा, प्रसिद्ध कोण, संत की गाव? संत म्हणाला तर वाक्य तसंच ठेवा.